आठ वर्षांची वाट कसली पाहता? डिस्लेक्सियाच्या बाबतीत या चुका टाळा

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका बालवाडीत साडेचार वर्षांच्या एका मुलाला मी तीन शब्द ऐकवले : हात, सात, पांय. यातले कुठले दोन सारखे वाजतात? त्याने लगेच उत्तर दिले, "हात आनी पांय." का, म्हणून विचारले तर म्हणाला, "दोनूय आंगार आसात." उत्तर हुशारीचेच होते, पण ते अर्थाचे होते. शब्दाचा नाद त्याच्या कानाला वेगळा काढता येत नव्हता. मग टाळ्यांचा खेळ घेतला. काजू म्हणताना दोन टाळ्या, बटाटो म्हणताना तीन. वर्गातली बहुतेक मुले दोन-तीन दिवसांत सरावली. हा आठवडाभराने कधी दोन, कधी चार टाळ्या वाजवत होता, आणि बटाट्याला मध्येच 'टबाटो' म्हणत होता.

त्याच्या आईचे म्हणणे, "अजून ल्हान आसा बाई, शिकतलो." घरी बोलता बोलता कळले की तो दोन शब्द जोडून बोलू लागला तेच अडीच वर्षांनंतर, आणि त्याच्या बाबांनी वाचन जमेना म्हणून पाचवीतच शाळा सोडली होती. उशिरा आलेले बोलणे, नादाची जाण कमी, रंगांची नि वारांची नावे पुन्हा पुन्हा विसरणे आणि घरात कुणाला वाचनाचा त्रास असणे. यातली एखादी गोष्ट एकटी दिसली तर फारसे काही सांगत नाही. तीन-चार एकत्र दिसल्या की लक्ष द्यायलाच हवे. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन शिकण्यातली ही अडचण, बऱ्याचदा कुटुंबात चालत येतो, म्हणून बाबांच्या पाचवीची गोष्ट मी मुलाच्या वहीत सगळ्यात वर लिहिली.

पालकांची आणि कित्येक शिक्षकांचीही पहिली चूक इथेच होते. त्यांनी कुठेतरी 'आठ वर्षे' हा आकडा ऐकलेला असतो. तो खराच आहे, पण दिव्यांग प्रमाणपत्रापुरता. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता समाविष्ट झाली, आणि डिस्लेक्सिया तिच्यातच मोडतो. त्यानंतर 2018 मध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शाळेने तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, मुलाची प्राथमिक चाचपणी करायची आणि प्रमाणपत्र आठ वर्षांनंतरच द्यायचे असे ठरले. त्यामागे कारण आहे. वाचायला पुरेसे शिकवून झाल्याशिवाय 'वाचता येत नाही' असा शिक्का मारता येत नाही. पण मदतीला कागद लागत नाही. कागदाची वाट पाहत साडेचारचे मूल साडेआठचे झाले की मधली चार वर्षे गेली ती गेलीच.

दुसरी चूक अगदी उलट बाजूची. काळजी वाटली म्हणून चार वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन रोज पानभर 'अ' गिरवून घ्यायचा. अडचण हातात नाही, कानात आहे. म्हणजे ऐकू येण्यात नव्हे, तर ऐकलेला शब्द फोडण्यात. अर्थात ऐकू नीट येते ना, हे आधी तपासून घ्यावेच. सारख्या सर्दीने कानात पाणी साचते आणि अशीच लक्षणे दिसतात. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्यांच्यासमोर बोलण्यातला उशीर स्पष्ट सांगा. त्या मुलाचे कान ठीक निघाले. मग आईने रोज दहा मिनिटे, भाकरी थापताना, त्याच्याशी खेळायचे ठरवले : शब्दाला टाळ्या, सारखे वाजणारे शब्द शोधणे, पुढे 'क'ने सुरू होणारी घरातली वस्तू सांगणे. सगळे कोंकणीत.

यातले 'कोंकणीत' फार महत्त्वाचे आहे. आपल्याकडे घरी कोंकणी, शाळेत मराठी आणि जोडीला इंग्रजी असा संसार असतो. पाण्याला उदक म्हणणाऱ्या मुलाला मराठी शब्द उमगला नाही तर तो डिस्लेक्सिया नव्हे, तो शब्द त्याला नवा आहे इतकेच. फरक ओळखायला एक साधा उपाय आहे. तोच नादाचा खेळ घरच्या भाषेत घ्या. तिथे जमला तर मूल फक्त मराठीला नवखे आहे. घरच्या भाषेतही अडखळले तर दखल घ्या. माध्यम बदलून हा त्रास जात नाही. उलट मुलाला कमी येणारी भाषा माथी मारली की तो वाढतो.

अक्षर उलटे लिहिणे म्हणजे डिस्लेक्सिया, ही समजूत तर घट्टच बसली आहे. सहा-सात वर्षांपर्यंत पुष्कळ मुले असे करतात. वेलांटी-उकाराचे ऱ्हस्व-दीर्घ तर मोठ्यांचेही चुकते. मी लक्ष ठेवते ते वेगळ्या गोष्टीवर : शिकवलेले अक्षर आज आले, उद्या गेले, परवा पुन्हा नवे, असे आठवडेच्या आठवडे चालले आहे का?

तो मुलगा सहाव्या वर्षी पहिलीत आला तेव्हा कामाची पद्धत बदलली. आता नुसता नाद पुरेसा नव्हता, नाद आणि अक्षराची गाठ बांधायची होती. बाराखडी पाठ करून घेण्याच्या फंदात आम्ही पडलो नाही. क, म, र, न ही चार अक्षरे आणि काना, एवढ्यावरच सुरुवात केली. त्यातून काम, कान, नाक, मान, राम तयार होतात, म्हणजे पहिल्याच आठवड्यात मूल खरे शब्द वाचते. भ शिकवला तो म पक्का झाल्यावर कितीतरी आठवड्यांनी. घ आणि ध मध्येही असेच अंतर ठेवले. मात्रा एका वेळी एकच. दर शुक्रवारी एका मिनिटात किती अक्षरे बरोबर आली ते वहीत मांडायचे.

इथे एक फसवणूक होते. दुसऱ्या महिन्यात तो धडा घडाघडा 'वाचू' लागला आणि आई आनंदली. मी चित्र झाकले आणि 'माकन', 'नारक' असे अर्थ नसलेले शब्द लिहून दिले, तेव्हा तो गप्प झाला. त्याने पान पाठ केले होते. अशी मुले पाठांतरावर दुसरी पार करतात आणि तिसरीत जोडाक्षरे व लांब परिच्छेद आले की एकदम कोसळतात. म्हणून पडताळा नेहमी न पाहिलेल्या शब्दांनी घ्यावा.

आम्ही पुन्हा मागे गेलो. बारा आठवडे रोज वीस मिनिटे दिली. अक्षरे पक्की झाली, पण शब्द अजूनही सुटा सुटा, दमत वाचायचा. नेमके शिकवूनही वेग येत नाही, हीच शाळेतली खरी खूण. आठ पूर्ण झाल्यावर त्याला तपासणीसाठी बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात नेले तेव्हा सोबत शुक्रवारच्या नोंदींची वही होती. तपासणाऱ्यांना तिचा फार उपयोग झाला, कारण 'शिकवलेच नसेल' ही शंका तिथेच मिटली. रंगीत काचांचे चष्मे आणि डोळ्यांचे व्यायाम सुचवणारेही वाटेत भेटले. नजर कमी असेल तर चष्मा हवाच, पण त्याने डिस्लेक्सिया जात नाही.

प्रमाणपत्र आल्यावरची चूक मला सगळ्यात जास्त टोचते. परीक्षेत जादा वेळ मिळाला, प्रश्न वाचून दाखवायला माणूस मिळाला, की शिकवणे थांबते. सवलत त्याला आजचा पेपर लिहू देते, वाचन मात्र शिकवत नाही. तो आता चौथीत आहे. परिसर अभ्यासाची उत्तरे तोंडी देतो, आणि वीस मिनिटांचा वाचनाचा तास रोज चालूच आहे. सध्या जोडाक्षरे चालली आहेत, 'स्त' झाला, 'त्र' अडतो आहे.