क्लिनिकचं पॅकेज अर्ध्यात थांबलं, तर उरलेले पैसे कसे मागावेत

लेझर, पीआरपी, वजन कमी करणं, फिजिओथेरपी, काहीही असो, आठ-दहा सिटिंगचे पैसे आधीच भरायचे ही पद्धत आता कोल्हापुरातही रुळली आहे. अशी बरीच प्रकरणं मी मार्गी लावली आहेत. लोकांना मिळणारा सल्ला मात्र दोनच प्रकारचा असतो: ‘जाऊ दे, बिलावर नॉन-रिफंडेबल लिहिलंय’, नाहीतर ‘जाऊन दंगा कर’. दोन्ही कुचकामी आहेत.

बिल, पैसे भरल्याचा पुरावा, पॅकेजचं माहितीपत्रक आणि क्लिनिकशी झालेलं व्हॉट्सॲप संभाषण एकत्र करा. रिसेप्शनला ठेवलेल्या सिटिंग कार्डाचा फोटो काढायला विसरू नका. त्यावरच्या तारखा आणि सह्या नीट बघा. नुसत्या तपासणीला गेलेला दिवसही कधी कधी सिटिंग म्हणून लावलेला असतो, आणि पुढच्या दोन सह्या एकदमच घेतलेल्या असतात. कार्ड दाखवत नसतील तर उपचाराच्या नोंदींची प्रत लेखी मागा. डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या आचारसंहितेत मागणी केल्यापासून 72 तासांत नोंदी देण्याची तरतूद आहे.

उपचार का थांबला, हे एका वाक्यात लिहून काढा. मशीन बंद पडलं, डॉक्टर सोडून गेले, शाखा बंद झाली, त्वचेला त्रास झाला, की तुम्हीच थांबवलं? पुढचा सगळा हिशेब या वाक्यावर उभा राहतो, म्हणून ते खरंच लिहा.

आता मुख्य अडचण. क्लिनिक पैसे परत द्यायला सहसा नाही म्हणत नाही, ते हिशेब असा करतं की परत द्यायला काही उरतच नाही. मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथंच. आमच्या शेजारच्या मुलीचं उदाहरण घेऊ. लेझरच्या 8 सिटिंगचे तिनं 32,000 रुपये भरले. तीन झाल्या आणि मशीन बंद पडलं. ‘दुरुस्त होईल’ असं चार महिने ऐकल्यावर तिनं पैसे मागितले. क्लिनिकनं कागदावर मांडून दाखवलं: सुट्या सिटिंगचा दर 6,000, म्हणून तीनचे 18,000, प्रशासकीय खर्च पॅकेजच्या 20 टक्के, म्हणजे 6,400, क्रीमच्या किटचे 2,500. एकूण 26,900 वजा, हातात 5,100. वर ‘तेवढ्याचं फेशियल करून घ्या’ हा आग्रह.

असा कागद पुढं आला की तिथंच घासाघीस करू नका. कागदाचा फोटो घ्या आणि घरी येऊन एकेक ओळ तपासा. पहिली ओळ सुट्या दराची. सवलत पूर्ण पॅकेजवर होती, तुम्ही मध्येच सोडलं म्हणून सवलत गेली, असा त्यांचा युक्तिवाद असतो. तुम्ही स्वतःच्या मर्जीनं सोडलं असेल आणि हा दर व ही अट पैसे भरतानाच लेखी दिलेली असेल, तर त्यात तथ्य आहे. तिथं मी ताणून धरायला सांगत नाही. पण काम क्लिनिकमुळं थांबलं असेल तर सवलत काढून घ्यायचा त्यांना काय अधिकार? या मुलीनं पाच सिटिंग नाकारल्या नव्हत्या, त्या तिला मिळाल्याच नाहीत. म्हणून दर पॅकेजचाच लागणार: 32,000 भागिले 8, म्हणजे सिटिंगला 4,000. तीनचे 12,000 त्यांचे, 20,000 तिचे.

दुसरी ओळ प्रशासकीय खर्चाची. अट बिलावर छापलेली असली तरी करार कायद्याचं कलम 74 सांगतं, की करार मोडल्याबद्दल ठरवलेली रक्कम ही वरची मर्यादा असते आणि मिळते ती वाजवी भरपाईच. इथं तर करार मोडला क्लिनिकनं. तिसरी ओळ किटची. माहितीपत्रकात किट ‘मोफत’ असेल तर नंतर त्याची किंमत लावता येत नाही. वेगळ्या किमतीनं बिलात असेल आणि तुम्ही वापरलं असेल, तर ते पैसे सोडा. दातांच्या अलायनरसारख्या उपचारात मात्र सरळ भागाकार चालत नाही, कारण लॅबचा मोठा खर्च सुरुवातीलाच होतो. तिथं लॅबचं बिल मागा आणि तेवढी वजावट मान्य करा. बिलात जीएसटी वेगळा लावला असेल तर न झालेल्या भागावरचा जीएसटीही मागायचा.

हिशेब पक्का झाला की पत्र. भावनिक काही नको, इतकं पुरे:

‘दि. … रोजी 8 सिटिंगसाठी 32,000 रु. भरले. 3 सिटिंग झाल्या. मशीन बंद असल्याने दि. … पासून आपण सेवा दिलेली नाही. न मिळालेल्या 5 सिटिंगचे 20,000 रु. 30 दिवसांत माझ्या बँक खात्यात जमा करावेत. त्याऐवजी दुसरा उपचार किंवा क्रेडिट नोट मला मान्य नाही.’

30 दिवस मी उगाच लिहीत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये, सदोष सेवा बंद करून तिचे पैसे बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत परत न करणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. पत्र स्पीड पोस्टनं पाठवा, प्रत ईमेलवर द्या. काउंटरवर दिलंत तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या.

पैसे हप्त्यांवर भरले असतील तर एक धोका लक्षात ठेवा. फायनान्स कंपनीनं रक्कम क्लिनिकला आधीच दिलेली असते, आणि कर्ज तुमच्या नावावर असतं. रागानं हप्ते थांबवले तर क्लिनिकचं काही बिघडत नाही, सिबिल तुमचं खराब होतं. हप्ते चालू ठेवा, पत्राची प्रत कंपनीला पाठवा, आणि उरलेली रक्कम कर्जखात्यात जमा करून कर्ज कमी करावं अशी मागणी दोघांकडं करा. क्लिनिक ‘आम्ही कंपनीला कळवलंय’ म्हणालं तर विश्वास ठेवू नका, कर्जखात्याचा उतारा मागवून बघा.

मुदत संपली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवा. फोन फुकट आहे आणि बरीच क्लिनिकं इथंच नमतात. त्या मुलीचे 20,000 या टप्प्यावरच आले. नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही कोल्हापुरात राहत असाल तर क्लिनिकचं मुख्य कार्यालय पुण्या-मुंबईत असलं तरी तक्रार इथंच करता येते. भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लागतोच असंही नाही, आणि e-jagriti.gov.in वर ऑनलाइन दाखल करता येते. मुदत कारण घडल्यापासून 2 वर्षं. ‘बघू, पुढच्या महिन्यात देऊ’ या तोंडी आश्वासनांवर ती वाढत नाही. तक्रारीत ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ हेच मुद्दे घ्या. ‘अन्यायकारक करार’ हा मुद्दा मुख्य केलात तर तो राज्य आयोगाच्या अखत्यारीत जातो आणि जिल्ह्यातच आक्षेप निघून वेळ जातो.

पैसे द्यायच्या वेळी क्लिनिक एक छापील कागद पुढं करतं: ‘पूर्ण व अंतिम तडजोड, यापुढे कोणतीही तक्रार नाही.’ रक्कम खात्यात दिसल्याशिवाय त्यावर सही करू नका. लेझरनं चट्टे पडले असतील, किंवा दुसरा काही त्रास झाला असेल, तर हा कागद मुळीच नको. त्या नुकसानभरपाईचा हक्क वेगळा आहे आणि या सहीनं तो अडचणीत येतो. साध्या पावतीवर एवढंच लिहून द्या: ‘न मिळालेल्या 5 सिटिंगचे 20,000 रु. मिळाले. इतर हक्क राखून.’