रात्री उशिरा आलेला पाहुणा: रिसेप्शनवरच्या पहिल्या मिनिटात या चुका टाळा

कोकणातल्या लहान लॉजवर मध्यरात्री पोहोचणारा पाहुणा बहुतेक वेळा घाट उतरून आलेला असतो. घाटात मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे "उशीर होतोय" हा फोनही त्याला करता आलेला नसतो. मागच्या सीटवर मुलं झोपलेली, चालवणाऱ्याचे डोळे जड. अशा माणसाला काउंटरवर सगळ्यात जास्त तोडणारं वाक्य म्हणजे "तुमचं बुकिंग दिसत नाहीये." आणि बऱ्याचदा बुकिंग असतंच, आपण चुकीच्या तारखेत शोधत असतो.

समजा, पुण्याचं एक कुटुंब गणपतीपुळ्याला येतंय. बुकिंग शुक्रवार, 14 तारखेचं. कोल्हापूर, आंबा घाट, साखरपा, हातखंबा करत निवळीला वळेपर्यंत बारा वाजून गेले आणि पावणेएकला गाडी अंगणात आली. रात्रपाळीच्या पोराने बारा वाजता रजिस्टरचं नवं पान काढून 15 तारीख घातलेली. त्या पानावर या कुटुंबाचं नाव नाही, मोबाइलवर आजची यादी उघडली तर तिथेही नाही, कारण नाव कालच्या यादीत आहे. पोरगा खोटं बोलत नाही, पण समोरची बाई मूल कडेवर घेऊन उभी असते आणि तिला वाटतं, आपली खोली दुसऱ्याला दिली.

कधी कधी तसंच झालेलंही असतं. बारा वाजले, पाहुणा आला नाही, म्हणून ॲपवर 'नो शो' टाकून खोली दारात आलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला देतात. आगाऊ पैसे घेतलेली खोली अशी देऊ नये. पाहुण्याचा फोन लागत नसेल तर तो घाटात असेल असं धरून चालावं.

यावर इलाज साधा आहे. रजिस्टरचं पान बाराला उलटायचं नाही, सकाळी सहाला उलटायचं. येण्याची तारीख आणि वेळ मात्र घड्याळाप्रमाणे खरीच लिहायची: 15 तारीख, 12.45. शिवाय रात्री नऊच्या सुमारास, संध्याकाळचा माणूस घरी जायच्या आधी, जे यायचे बाकी आहेत त्यांची एक चिठ्ठी करावी: नाव, फोन, किती माणसं, कुठली खोली. चिठ्ठी त्या खोलीच्या किल्लीलाच अडकवावी. मग रात्रीच्या माणसाला काही शोधावं लागत नाही. अंगणातला दिवा लावायचा, पुढे होऊन बॅग हातात घ्यायची आणि म्हणायचं, "या काका, पुण्याहून ना? खोली तयार आहे." नाव चिठ्ठीशी जुळलं की निम्मं काम झालं.

उलटी गोंधळाची बाजूही असते. रात्री एकला पोहोचणार म्हणून पाहुण्याने स्वतःच 15 चं बुकिंग केलेलं असतं. त्याची खोली 15 च्या दुपारी बाराला मिळायची असते, म्हणून चिठ्ठीत तो नसतोच. इथे नियम समजावत बसू नये. खोली रिकामी असेल तर आधी द्यावी, पण रात्रीचे वेगळे पैसे लागणार असतील तर किल्ली देण्याआधीच आकडा सांगावा. सकाळी बिलात दिसलेला आकडा भांडण लावतो. खोली नसेल तर दारातच "नाही" म्हणू नये. बसवावं, पाणी द्यावं, शेजारच्या लॉजला आपणच फोन लावावा.

दुसरी चूक ओळखपत्रांची. रजिस्टर आणि ओळखपत्र टाळता येत नाही, टाळूही नये. पण झोपलेल्या मुलांना गाडीतून उठवून आणायची गरज नसते. दुपारीच व्हॉट्सॲपवर ओळखपत्रं मागवावीत. आधारचे शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत चालेल, हेही सांगावं. रजिस्टर आपण भरावं, पाहुण्याने फक्त सही करावी. परदेशी पाहुणा असेल तर पासपोर्ट आणि व्हिसाचा फोटो रात्रीच घ्यावा. त्याची माहिती 24 तासांच्या आत सरकारी पोर्टलवर ऑनलाइन भरायची असते, म्हणजे ती सकाळी भरली तरी चालते.

आणि जेवण. "किचन बंद झालं" एवढंच बोलून थांबू नका, काय मिळेल ते सांगा. दुपारचा भात आपल्या दमट हवेत रात्रीपर्यंत टिकेल याचा भरवसा नाही, म्हणून तो राखून ठेवू नये. अंडी, पाव, पोहे, दूध असलं तरी पुरतं आणि रात्रीचा माणूस ते एकटा करू शकतो. विचारायचं ते असं: "पोहे टाकू की ऑम्लेट-पाव? मुलांना दूध गरम करून देऊ?" गाडीवर ड्रायव्हर असेल तर तो कुठे झोपणार हे त्याच वेळी विचारा. ते कुणालाच आठवत नाही आणि तो बिचारा सीटवरच डास मारत पडून राहतो.