कायनेसिन प्लसकडे चालतं, मग ट्यूब मायनस टोक पुढे करून का पळते?

एमएस्सी नंतर सायटोस्केलेटनच्या लॅबमधे प्रोजेक्टला लागणाऱ्यांसाठी लिहितोय. ट्यूब्युलिन, प्लस एंड, मायनस एंड, एटीपी हे तुम्हाला माहिती आहे असं धरून चालतो. मी ज्या एका खड्ड्यात पडलो आणि तीन आठवडे पडून राहिलो, त्याच्याबद्दलच सांगायचंय.

आमच्या क्लासमधे पाठांतर होतं, "कायनेसिन बाहेर, डायनीन आत". नेटसाठी हे पुरतं. पेशीत सेंट्रोसोमपाशी मायनस टोकं, कडेला प्लस टोकं, कायनेसिन माल घेऊन प्लसकडे म्हणजे बाहेर जातं आणि डायनीन मायनसकडे म्हणजे आत येतं. अॅक्सॉनमधे तर अगदी फिट बसतं, कारण तिथे सगळ्या मायक्रोट्यूब्यूलची प्लस टोकं टोकाकडेच तोंड करून असतात. पण डेंड्राइटमधे दोन्ही दिशांच्या ट्यूब असतात, तिथे हे पाठांतर आडवं येतं, आणि स्पिंडलमधे तर ते सरळ फसवतं. मला फसवलं मात्र त्याही आधी, साध्या काचेवर.

पहिलं काम मिळालं ग्लायडिंग असेचं. स्लाइड आणि कव्हरस्लिपच्या मधे डबल साइड टेपच्या दोन पट्ट्या लावून फट करायची, आधी केसीन सोडायचं, मग कायनेसिन, मग टॅक्सॉल घालून स्थिर केलेल्या रंगीत मायक्रोट्यूब्यूल, शेवटी एटीपी. केसीन विसरलात तर कायनेसिनची डोकीच काचेला चिकटून निकामी होतात आणि ट्यूब नुसत्या पडून राहतात, हे एकदा तरी होतंच, त्याचं फार वाईट वाटून घेऊ नका. सगळं नीट झालं तर ट्यूब काचेवरून सापासारख्या सरपटतात. वेग सेकंदाला साधारण ०.८ मायक्रॉन. एक पाऊल ८ नॅनोमीटरचं, म्हणजे सेकंदाला शंभरेक पावलं आणि दर पावलाला एक एटीपी.

मग ताईने (लॅबमधली सिनियर, सगळे ताईच म्हणतात) सांगितलं की आता दिशा दाखव. त्यासाठी ट्यूबला खूण करतात. आधी भरपूर रंगाचे छोटे तुकडे बनवायचे, मग कमी रंगाच्या ट्यूब्युलिनने ते वाढवायचे, आणि त्यात एनईएम लावलेलं ट्यूब्युलिन मिसळायचं ज्यामुळे मायनस टोकाची वाढ अडते. वाढ होते फक्त प्लसकडून. म्हणजे चकचकीत डोकं मायनस, फिकट शेपूट प्लस.

मी बघतो तर प्रत्येक ट्यूब चकचकीत टोक पुढे करून पळतेय. मायनस पुढे! आणि आपलं कायनेसिन तर प्लसकडे जाणारं. मी वहीत लिहिलं, "डायनीनचं कंटॅमिनेशन?" बॅक्टेरियातून काढलेल्या कायनेसिनमधे डायनीन कुठून येणार हो, बॅक्टेरियात डायनीन नसतंच. मग वाटलं खूणच उलटी लागली, परत ट्यूब बनवल्या, परत तेच. पुन्हा बनवल्या. ट्यूब्युलिन किती महाग असतं हे ज्याने ऑर्डर टाकलीय त्यालाच ठाऊक.

ताईने व्हिडिओ बघितला आणि एकच विचारलं, "इथे खिळलंय कोण?"

विहिरीच्या काठावर उभं राहून दोराने बादली ओढणारा माणूस डोळ्यासमोर आणा. त्याचा एकेक हात पुढे जाऊन दोर धरतो, बादलीच्या दिशेने. पण माणूस तर काठावरच उभा आहे, म्हणून दोर उलट सरकतो आणि त्याचं मोकळं टोक मागे मागे जात पडतं. हात बादलीकडे, दोर विरुद्ध. काचेवर कायनेसिन हा तो माणूस, पाय काचेत रुतलेले. त्याचे हात प्लसकडे जातात, म्हणून ट्यूब मायनस टोक पुढे करून निघते. म्हणजे माझा प्रयोग पहिल्या दिवसापासून बरोबर होता, चुकीचं होतं ते पाठांतर.

खूण खरंच बिघडली असती तर काय दिसलं असतं, तेही सांगून ठेवतो. निम्म्या ट्यूब एका बाजूने आणि निम्म्या दुसऱ्या बाजूने गेल्या असत्या, किंवा चकचकीत भाग मधेच दिसला असता, कारण दोन्हीकडून वाढ झाली किंवा दोन ट्यूब टोकाला टोक जोडल्या गेल्या. अशा ट्यूब मोजूच नका. सगळ्याच्या सगळ्या एकाच पद्धतीने "चुकत" असतील तर बहुतेक तुमचं डोकं चुकतंय.

आता स्पिंडल. इथे कायनेसिन-५ नावाचा प्रकार आहे, त्याला दोन्ही टोकांना डोक्यांच्या जोड्या असतात. कागदावर काढाच, मनात करू नका, मनात केलं की मी हमखास चुकतो, अजूनही. डाव्या ध्रुवापासून उजवीकडे बाण, उजव्या ध्रुवापासून डावीकडे बाण, बाणाचं टोक म्हणजे प्लस, मधे दोघांची थोडी ओव्हरलॅप. कायनेसिन-५ एका जोडीने डावी ट्यूब धरतं, दुसरीने उजवी. दोन्ही जोड्यांना प्लसकडे जायचंय, एकीला उजवीकडे, दुसरीला डावीकडे. एकच मोटर दोन्हीकडे जाणार कशी? ती मधेच राहते आणि डावी ट्यूब डावीकडे, उजवी उजवीकडे ढकलली जाते. ध्रुव लांब जातात. पाठांतरवाला इथे लिहितो, "प्लस टोकं मधे आहेत म्हणजे ध्रुव मधे ओढले जातील". गेले मार्क.

पुरावा हवा तर मोनास्ट्रॉल बघा. १९९९ साली सापडलेलं छोटं रेणू, हेच कायनेसिन अडवतं. पेशीत घातलं की दोन्ही सेंट्रोसोम मधे एकत्रच राहतात आणि क्रोमोसोम त्यांच्याभोवती गोल कडं करून बसतात. औषध धुऊन काढलं की स्पिंडल परत दोन ध्रुवांचं होतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी जेवायला जायचं विसरलो होतो.

डायनीनची गंमत अजून वेगळी. पेशीच्या कडेला कॉर्टेक्सला खिळलेलं डायनीन ध्रुवापासून आलेली ट्यूब धरून मायनसकडे चालायला बघतं. इथे तर बादलीच्या जागी सेंट्रोसोमच आहे, तो कडेकडे ओढला जातो. म्हणजे "आत" जाणाऱ्या मोटरने ध्रुव बाहेर नेला. पण हेच डायनीन मधल्या भागात समोरासमोरच्या ट्यूब एकमेकींवर सरकवायला लागलं तर ध्रुव जवळ येतात, कायनेसिन-५ च्या बरोबर उलट. मोटर तीच, चालायची दिशा तीच, फक्त ती कशाला बांधलीय ते बदललं. व्हिडिओवाल्या चालणाऱ्या कायनेसिनच्या अॅनिमेशनवर माझा राग यासाठीच आहे, त्यात रस्ता कायम पक्का आणि माल कायम हलणारा.

आणि एक जागा जिथे विहिरीचा दोर पुरत नाही. अॅनाफेजमधे क्रोमोसोम ध्रुवाकडे जातात तेव्हा कोणती मोटर ओढते ते शोधत बसू नका, कारण मुख्य काम ट्यूब विरघळण्याचं असतं. १९८७ मधे लेझरने कायनेटोकोर आणि ध्रुव यांच्या मधल्या ट्यूबवर पट्टा विझवून बघितला होता. पट्टा जवळपास जागेवरच राहिला आणि क्रोमोसोम त्याच्या दिशेने सरकला. ध्रुवापाशी ट्यूब गुंडाळली जात असती तर पट्टाही क्रोमोसोमबरोबर ध्रुवाकडे गेला असता. म्हणजे ट्यूब कमी होत होती ती कायनेटोकोरपाशी, प्लस टोकाला, आणि क्रोमोसोम त्या झिजणाऱ्या टोकाला धरूनच चालला होता. पुढे काही पेशींमधे मायनस टोकाकडूनही ट्यूब झिजते असं दिसलं, त्यामुळे तोंडी परीक्षेत "फक्त" हा शब्द वापरू नका. मी वापरला होता.