लॅडरचा एक बँड गायब आणि सगळा हिशेब चुकला: जेल वाचताना, रिझल्ट लिहिताना या चुका टाळा

लातूरकडच्या एका कॉलेजातल्या एमएस्सीच्या जर्नलमध्ये हे वाक्य होतं: ‘इकोआर-वनने पीबीआर३२२ कापल्यावर ५.६ केबीचा बँड मिळाला.’ खाली डिस्कशनमध्ये त्याची कारणमीमांसाही होती. एन्झाइम जुनं असेल, प्लाझ्मिडमध्ये भेसळ असेल, डायजेशन अर्धवट राहिलं असेल. आता पीबीआर३२२ आहे ४३६१ बेसपेअरचं, आणि इकोआर-वन त्याला एकाच जागी कापतं. गोल प्लाझ्मिड सरळ झालं, एवढंच. कापून ते १२०० बेसपेअरने लांब कसं होईल? एन्झाइम चांगलं होतं, प्लाझ्मिडही चांगलं होतं. चूक होती शेजारच्या लेनमध्ये, जिच्याकडे कुणी नीट पाहत नाही: लॅडरमध्ये.

प्रयोग नेहमीचाच. एक टक्का अगारोज, १एक्स टीएई, ८० व्होल्ट. पहिल्या लेनमध्ये हिंड-थ्रीने कापलेला लॅम्डा डीएनए, म्हणजे मार्कर. दुसरीत न कापलेलं प्लाझ्मिड, तिसरीत इकोआर-वनने कापलेलं, चौथीत इकोआर-वन आणि पीएसटी-वन दोन्ही. प्लाझ्मिड प्रत्येक लेनमध्ये २०० नॅनोग्रॅम.

लॅडरचे बँड वरून मोजत येऊ नका

लॅम्डा-हिंड-थ्रीचे तुकडे सगळ्यांना पाठ असतात: २३१३०, ९४१६, ६५५७, ४३६१, २३२२, २०२७, ५६४ आणि १२५. म्हणून मुलं वरून एक-दोन-तीन करत आकडे लिहीत जातात. त्या जर्नलमध्येही तसंच झालं होतं. वेलपासून १२, १८, २२, ३७ आणि ३९ मिलिमीटरवर पाच ठळक बँड, आणि ५७.५ मिलिमीटरवर एक पुसट. पहिल्या तिघांना बरोबर आकडे मिळाले. मग ३७ मिलिमीटरच्या बँडला ४३६१ दिलं आणि ३९ ला २३२२.

खरा ४३६१ तिथे नव्हताच. लॅम्डा डीएनएच्या दोन्ही टोकांना १२ बेसची एकेरी शेपटी असते आणि दोन्ही शेपट्या एकमेकींना पूरक असतात. हिंड-थ्रीने कापल्यावर एका टोकाचा तुकडा २३१३० चा निघतो, दुसऱ्या टोकाचा ४३६१ चा. मार्कर न तापवता भरला तर हे दोघे शेपट्यांनी जोडले जातात आणि साधारण २७.५ केबीचा एक तुकडा होऊन वर २३ केबीच्या बँडमध्येच मिसळून बसतात. एक टक्क्याच्या जेलवर ते वेगळे दिसत नाहीत. मार्कर भरण्याआधी ६५ अंशांवर पाच मिनिटं तापवून लगेच बर्फात ठेवला की शेपट्या सुटतात आणि ४३६१ आपल्या जागी येतो. ही पायरी घाईत सर्रास गाळली जाते. कधी जोडी अर्धवट सुटते, तेव्हा ४३६१ दिसतो पण शेजाऱ्यांपेक्षा फिका.

हे जेलवरच ओळखता येतं. २३२२ आणि २०२७ हे दोन बँड कायम जवळजवळ, जोडीने येतात. आधी ती जोडी शोधा आणि तिथून वर-खाली आकडे लावा. या जेलवर जोडी ३७ आणि ३९ वर आहे, म्हणजे तेच २३२२ आणि २०२७. ४३६१ आणि २३२२ यांच्यात दोनच मिलिमीटरचं अंतर पडणं शक्यच नाही, आणि २२ ते ३७ या मोठ्या मोकळ्या पट्ट्यात काहीतरी हरवलंय हे लगेच दिसतं. या प्रयोगात आणखी एक सोय आहे. लॅम्डाचा तो तुकडा ४३६१ चा आणि पीबीआर३२२ सुद्धा ४३६१ चंच. योगायोगच, पण कामाचा. कापलेलं प्लाझ्मिड आणि मार्करचा तो बँड एका ओळीत यायलाच हवेत. तिसऱ्या लेनच्या बँडसमोर मार्करमध्ये कोरी जागा दिसली, तर मार्कर तापवलेला नाही असं समजा.

आता हिशेब करू. तिसऱ्या लेनचा बँड २८ मिलिमीटरवर आहे. चुकीच्या आकड्यांनी सेमी-लॉग पेपरवर रेघ ओढली, तर तो ६५५७ (२२ मिमी) आणि तथाकथित ४३६१ (३७ मिमी) यांच्या मध्ये पडतो आणि ५.६ केबी येतात. हरवलेला बँड सोडून देऊन ६५५७ (२२ मिमी) आणि २३२२ (३७ मिमी) यांच्यात रेघ ओढली, तर ४.३ केबी येतात. त्याच जेलवर, तेच बँड, फक्त नावं बदलली. जेल परत चालवायचीही गरज नाही.

रेघ ओढताना २३१३० आणि ९४१६ तिच्यात धरू नका. मोठे तुकडे लांबीनुसार वेगळे न होता वरती दाटीने चालतात आणि रेघ वाकवतात.

न कापलेल्या प्लाझ्मिडला बेसपेअरमध्ये मोजू नका

दुसऱ्या लेनमध्ये बहुतेकदा दोन बँड येतात. खालचा ठळक असतो तो पीळ पडलेल्या, घट्ट गुंडाळलेल्या प्लाझ्मिडचा. वरचा फिका असतो तो एका धाग्याला छेद गेल्यामुळे सैल झालेल्या गोलाचा. हे पाहून ‘प्लाझ्मिडमध्ये दोन तुकडे आहेत, ३ केबी आणि ६ केबी’ असं लिहिणारे कमी नाहीत. मार्कर सरळ तुकड्यांचा आहे. तो फक्त सरळ तुकड्यांच्याच लांबीसाठी चालतो. गुंडाळलेला रेणू किती धावेल हे लांबीबरोबर त्याचा आकार, जेलची टक्केवारी, व्होल्टेज आणि इथिडियम ब्रोमाइड यांवरही ठरतं. म्हणून या लेनसाठी ‘सरळ प्लाझ्मिडच्या खाली एक बँड, वर एक फिका बँड’ एवढंच लिहायचं. आकडा नको.

याच लेनचा खरा उपयोग पुढे आहे. तिसऱ्या लेनमध्ये तीन बँड दिसले आणि त्यातले दोन दुसऱ्या लेनमधल्या दोघांच्याच उंचीवर असले, तर ते तुकडे नाहीत, न कापलं गेलेलं प्लाझ्मिड आहे. डायजेशन अर्धवट झालं. दुसरी लेन नसती तर हे कळलंच नसतं, तरी ‘अनकट कशाला वाया घालवायचं’ म्हणून ती वगळणारे भेटतात.

बेरीज करा आणि उजेड पाहा

चौथ्या लेनमध्ये बँड ३०.५ आणि ५३.५ मिलिमीटरवर आहेत. दुरुस्त रेघेवर त्यांचे आकडे ३.६ केबी आणि ०.७४ केबी येतात. बेरीज ४.३ च्या थोडी वर, म्हणजे प्लाझ्मिडच्या लांबीशी जुळते. बेरीज जर आठ-नऊ केबी आली, तर एक बँड बहुधा फक्त एकाच एन्झाइमने कापलेल्या प्लाझ्मिडचा असतो. तो तिसऱ्या लेनच्या ओळीत असेल, पडताळून पाहा.

बेरीज जुळली तरी उजेड पाहायचाच. इथिडियम डीएनएच्या वजनाप्रमाणे चमकतं, रेणूंच्या संख्येप्रमाणे नाही. २०० नॅनोग्रॅमपैकी छोट्या तुकड्यात साधारण ३४ नॅनोग्रॅम असतं, म्हणून तो मोठ्याच्या पाचव्या हिश्श्याएवढाच उजळ दिसतो. ‘फिका आहे, म्हणजे अशुद्धी असेल’ असं म्हणून तो सोडून देऊ नका. उलट, तो मोठ्याइतकाच ठळक दिसला तर शंका घ्या. याच हिशेबाने मार्करचा ५६४ पुसट असतो: ५०० नॅनोग्रॅम लॅम्डात त्याच्या वाट्याला सहा नॅनोग्रॅमही येत नाही. १२५ तर दिसतच नाही. त्यात इथिडियम जेलमध्ये मिसळलेलं असेल तर ते धन प्रभाराचं असल्याने डीएनएच्या उलट दिशेने सरकतं आणि जेलचा खालचा भाग आणखी फिका पडतो. म्हणून ‘१२५ चा बँड आढळला’ असं जर्नलमध्ये दिसलं की तो जेलवर नाही, पुस्तकावर पाहिला हे एक्सटर्नलच्या लगेच लक्षात येतं.

रिझल्टमध्ये काय लिहायचं

त्या जर्नलमध्ये बँडची लांबी ‘५५७१.४३ बेसपेअर’ अशी लिहिली होती. कॅल्क्युलेटरने दिली, मुलाने उतरवली. या जेलवर फुटपट्टी एक मिलिमीटर इकडेतिकडे झाली तर लांबी सात टक्क्यांनी बदलते, म्हणजे ४.३ केबीच्या बँडसाठी ३०० बेसपेअर. दशांश सोडाच, शेवटचे दोन अंकही अर्थहीन आहेत. ‘सुमारे ४.३ केबी’ लिहा.

रिझल्टमध्ये जे दिसलं ते आणि ते कसं मोजलं ते येतं. का दिसलं, एन्झाइम जुनं होतं का, हे डिस्कशनमध्ये. ‘प्रयोग यशस्वी झाला’ हे कुठेच नाही. वरच्या जेलसाठी परिच्छेद असा होईल:

‘न कापलेल्या पीबीआर३२२ मध्ये (लेन २) दोन बँड दिसले, खालचा जास्त ठळक. इकोआर-वनने कापल्यावर (लेन ३) ते दोन्ही दिसेनासे झाले आणि सुमारे ४.३ केबीचा एकच बँड मिळाला. इकोआर-वन आणि पीएसटी-वन दोन्ही वापरल्यावर (लेन ४) सुमारे ३.६ आणि ०.७४ केबीचे दोन बँड मिळाले. दोन्ही एन्झाइमच्या लेनमध्ये न कापलेलं प्लाझ्मिड दिसलं नाही. मार्करमधला ४३६१ चा बँड दिसला नाही, म्हणून प्रमाण-रेघ काढताना तो धरला नाही.’

शेवटचं वाक्य लपवावंसं वाटतं. लपवू नका. तेच वाचून तपासणाऱ्याला तुमचे आकडे कुठून आले हे कळतं. जेल इंग्रजी जर्नलमध्ये लिहायचं असलं तरी क्रम हाच.

फोटोखाली लेनचे नंबर, प्रत्येकीत काय आणि किती, जेलची टक्केवारी, व्होल्टेज आणि वेळ लिहा. जेल डॉक नसेल आणि मोबाइलवर फोटो काढला असेल तर कॅमेरा अगदी सरळ वरून धरा. तिरक्या फोटोत वरचं आणि खालचं अंतर एकाच मापाने मोजता येत नाही. जेलच्या बाजूला फुटपट्टी ठेवून फोटो काढा. कॉन्ट्रास्ट वाढवायचा तर पूर्ण फोटोचा, एका लेनचा नाही.

आपल्याकडचा उन्हाळा आणि वीज

एप्रिल-मेमध्ये बफर आधीच कोमट असतो. त्यात घाईने १२० व्होल्टवर जेल लावलं, किंवा डिस्टिल्ड वॉटर संपलं म्हणून बोअरच्या खारट पाण्यात टीएई केला, तर करंट वाढतो, जेल मधोमध तापतं आणि मधल्या लेन कडेच्या लेनपेक्षा पुढे धावतात. बँडची ओळ कमानीसारखी वाकते. मार्कर कडेला आणि नमुना मध्ये असेल, तर नमुना खरा आहे त्यापेक्षा छोटा मोजला जातो. सोपा उपाय म्हणजे जागा असेल तर मार्कर दोन्ही कडांना भरायचा. दोघांतला ५६४ सारख्याच अंतरावर आला आणि मधल्या लेनचा रंगही कडेच्या रंगाच्या ओळीत असला तरच अंतरं तुलनेची समजायची.

चालू जेलमध्ये लाईट गेली तर घाबरून जेल फेकू नका. मार्कर आणि नमुना एकाच वेळी थांबतात, त्यामुळे लांबीचा हिशेब बिघडत नाही. बँड मात्र पसरतात, विशेषतः छोटे. तेव्हा बँडच्या कडेपासून न मोजता मध्यापासून मोजा आणि जेल किती वेळ बंद होतं ते फोटोखालीच लिहून ठेवा.