साठ दिवसांनी बंद पडलेले शेड्यूल्ड वर्कफ्लो

धरणांतील पाणीसाठ्याची आकडेवारी रोज सकाळी उतरवून घेणारा माझा एक वर्कफ्लो सार्वजनिक रिपॉझिटरीत चालत असे, आणि आकडा बदलला तरच तो कमिट करीत असे. स्रोतावरील नोंदी दीर्घकाळ बदलल्या नाहीत, तेव्हा कमिट थांबले आणि वर्कफ्लोही बंद झाला. GitHub या आमच्या कोड होस्टिंग सेवेचा नियम असा आहे, की सार्वजनिक रिपॉझिटरीत 60 दिवस काहीही हालचाल नसेल, तर वेळापत्रकावरचे वर्कफ्लो आपोआप बंद केले जातात. वर्कफ्लो नुसता चालणे ही हालचाल धरली जात नाही.

Actions टॅबमध्ये तो वर्कफ्लो उघडून `Enable workflow` दाबल्यावर तो पूर्ववत झाला. पण मूळ कारण तसेच होते. म्हणून कमिटच्या आधी ही ओळ घातली:

```
date -u +%Y-%m > last-run.txt
```

यात फक्त वर्ष आणि महिना असल्याने फाइल महिन्यातून एकदाच बदलते. इतिहासात रोजच्या निरर्थक कमिटची भर पडत नाही. आकडेवारी उतरवणारी पायरी अयशस्वी झाली तरी ही नोंद व्हावी, म्हणून या ओळीच्या आणि कमिटच्या, दोन्ही पायऱ्यांना `if: always()` लावले.

वर्कफ्लो ठरल्या वेळेपेक्षा उशिराही सुरू होत असे; त्याचे कारण वेगळे होते. तासाच्या सुरुवातीला सेवेवर भार वाढतो, त्यामुळे काम रेंगाळते, क्वचित वगळलेही जाते. `0 1 * * *` ऐवजी `17 1 * * *` केले. ही वेळ यूटीसीची, म्हणजे आपल्याकडे सकाळी 6:47. उशीर कमी झाला, तरी ठरल्या मिनिटालाच व्हावे लागणारे काम मी या वेळापत्रकावर सोपवणार नाही.