ग्रेडियंट इल्यूशन अहवालात कसे समजवावे: कोकमाच्या सालीचे उदाहरण

द्रव क्रोमॅटोग्राफीत द्रावकाच्या प्रवाहाने पदार्थ कॉलममधून नेऊन वेगळे करतात; तेव्हा द्रावकाचे मिश्रण हळूहळू बदलत नेणे म्हणजे ग्रेडियंट. अहवालात ‘ग्रेडियंट वापरला’ एवढ्या एका वाक्याने भागत नाही. पदार्थ वेगळे होण्याचे कारण लिहायला हवे. त्यासाठी आपल्या गोव्यातली सोलां, म्हणजे कोकमाच्या वाळवलेल्या साली घेऊ.

आधी पदार्थ ओळखा. कोकमाच्या सालीत हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल असते, त्याला पाणी प्रिय. तिथेच गार्सिनॉलही असते, ते तेलकट स्वभावाचे. सी-१८ कॉलमचा पृष्ठभागही तेलकट, त्यामुळे गार्सिनॉल त्याला घट्ट चिकटते, आम्ल जेमतेम थांबते. कॉलममधून पाणी आणि अ‍ॅसिटोनायट्राइल या द्रावकाचे मिश्रण सोडतात. त्यात अ‍ॅसिटोनायट्राइलचे प्रमाण कायम कमी ठेवले तर गार्सिनॉल बाहेरच येत नाही. कायम जास्त ठेवले तर आम्ल सुरुवातीच्या गर्दीत हरवते.

म्हणून प्रमाण हळूहळू वाढवायचे. १५० × ४.६ मिमीचा कॉलम, मिनिटाला १ मिली प्रवाह, आणि अ‍ॅसिटोनायट्राइल ३० मिनिटांत ५ वरून ९५ टक्के, म्हणजे मिनिटाला ३ टक्के. पाण्यात थोडे फॉस्फोरिक आम्ल घाला, म्हणजे आपले आम्ल विद्युतभारित न होता थोडे तरी धरले जाते.

आता गाभा लिहा. सुरुवातीला गार्सिनॉल कॉलमच्या तोंडाशीच जवळजवळ अडकून राहते. पुरेसे तीव्र मिश्रण पोचले की ते सुटते आणि मग वेगाने धावते. पट्ट्याच्या मागच्या टोकाला पुढच्यापेक्षा किंचित तीव्र द्रावक मिळतो, म्हणून ते पुढे सरकते आणि आलेखावरचे त्याचे शिखर उशिरा येऊनही अरुंद राहते. मला ग्रेडियंटमधली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

पुढचा हिशेब बहुतेक अहवालांत सुटतो. पंपाने मिश्रण बदलले तरी ते कॉलमपर्यंत पोचायला वेळ लागतो. या मधल्या जागेला ड्वेल व्हॉल्यूम म्हणतात. समजा ते १ मिली आहे आणि कॉलममधली द्रवाची जागा सुमारे १.५ मिली. गार्सिनॉल २९.५ मिनिटांना दिसले, तर त्यातून या दोन्ही जागांची १ + १.५, म्हणजे २.५ मिनिटे वजा करा: २७ × ३ + ५, म्हणजे ते ८६ टक्क्यांच्या मिश्रणाबरोबर बाहेर पडले. आम्ल मात्र बदल पोचण्याआधीच, ५ टक्क्यांतच निघून जाते. त्याला वेगळे करण्याचे श्रेय ग्रेडियंटला देऊ नका.

हीच पद्धत २.५ मिली ड्वेल व्हॉल्यूमच्या यंत्रावर चालवली तर गार्सिनॉल ३१ मिनिटांच्या आसपास येईल, आम्ल जागचे हलणार नाही. उशिराची सगळी शिखरे सारख्याच अंतराने सरकली आणि पहिले तिथेच राहिले, तर कॉलम बदलण्याआधी यंत्राच्या नळ्या आणि मिक्सर पाहा. अहवालात ड्वेल व्हॉल्यूमचा आकडा जरूर द्या.

शेवटी नमुन्याशिवाय एक ग्रेडियंट चालवा. त्यातही शिखरे दिसली आणि सुरुवातीच्या मिश्रणाने कॉलम जास्त वेळ धुतल्यावर ती मोठी झाली, तर दोष बहुधा पाण्यात आहे: त्यातली अशुद्धी तोंडाशी साठते आणि ग्रेडियंटबरोबर सुटते. पाणी बदला. दोन इंजेक्शनांमध्ये कॉलम पूर्ववत व्हायला सुमारे १५ मिली सुरुवातीचे मिश्रण द्या, आणि ही वेळ प्रत्येक वेळी सारखीच ठेवा.