बीम भरायच्या आधी लोखंडाची तयारी

खानापूर, निपाणीकडं घर बांधताय आणि दोन भिंतींवर टेकलेला साधा बीम भरायचाय तर मिक्सरचा दिवस ठरवायच्या आधी हे बघून घ्या. गाळा आतून 4 मीटरचा धरू, बीम 230 बाय 450 मिमी, भिंती 230 च्या, काँक्रीट एम 25, लोखंड एफई 500, खाली 16 च्या तीन सळ्या, वर 12 च्या दोन, रिंगा 8 च्या. सळ्या किती नि रिंगांचं अंतर काय हे लोडवर ठरतं, ते इंजिनिअरच्या ड्रॉइंगमधनंच घ्या.

पहिलं कव्हर, म्हणजे लोखंडावरचा काँक्रीटचा थर. आपला बीम घरातला, म्हणून 25 मिमी धरलंय, पण ते रिंगच्या बाहेरच्या कडेपासून मोजायचं, मेन सळीपासून नाही. म्हणजे रिंग बाहेरून 180 बाय 400. सळीपासून मोजून केली तर रिंग 196 ची होते नि बाजूला कव्हर उरतं फक्त 17, म्हणून रिंगा बांधायच्या आधीच एकीला टेप लावा. आणि खानापूरच्या पावसात उघडा भिजणारा बीम असेल तर कव्हर 45 लागतं, मग रिंग 140 बाय 360 होते, आतल्या बीमच्या रिंगा तिथं अजिबात ढकलू नका.

दुसरं, टोकं, आणि मला सगळ्यात काळजी याचीच वाटते. सळी काँक्रीटमधनं निसटू नये म्हणून जेवढी आत रुतलेली लागते ती डेव्हलपमेंट लेंग्थ, आणि काँक्रीटच्या आयएस 456 या कोडप्रमाणे खालच्या सळ्यांपैकी निदान एक तृतीयांश सळ्या टेकणीच्या आत तिच्या एक तृतीयांश गेल्या पाहिजेत. 16 च्या सळीची ही लेंग्थ जवळजवळ 777 मिमी, तिचा तिसरा भाग 259, आणि भिंतीवर टोकाचं कव्हर सोडून जागा मिळते 205 च. सरळ सळी कमी पडते, म्हणून टोकं 90 अंशात वर वळवायची, त्या वळणाचे 16 च्या आठपट म्हणजे 128 मिमी धरतात नि हिशेब बसतो. आपण तिन्ही वळवू. सळी भिंतीच्या कडेलाच संपलेली दिसली तर भरू देऊ नका.

रिंगा आपल्या उदाहरणात टेकणीच्या कडेपासून 50 वर पहिली, मग 150 नं सात गाळे, मधे 200 नं नऊ, पलीकडं परत तसंच, म्हणजे एकूण 24. टेकणीजवळ शिअर जास्त म्हणून तिथं दाट. मधे अंतर 0.75 डी किंवा 300 यातल्या कमीपेक्षा जास्त जाऊ द्यायचं नाही, डी म्हणजे बीमच्या वरच्या कडेपासून खालच्या सळीच्या मध्यापर्यंतची खोली. हूक 135 अंशाचे, नि जोड एकाआड एक कोपऱ्यात.

आता बीबीएस, म्हणजे सळ्या कापायच्या नि वाकवायच्या मापांचं कोष्टक. मेन सळी गाळा नि दोन भिंती मिळून 4460, त्यातनं दोन टोकांच्या कव्हरचे 50 वजा, म्हणजे 4410, दोन्हीकडं 200 चे पाय, दोन वळणांचे 64 वजा, कटिंग 4746. रिंग 1160 अधिक हूकांचे 160 वजा वळणांचे 96, म्हणजे 1224. वजन व्यासाचा वर्ग भागिले 162, त्यानं मेन सळ्या साधारण 22.5 किलो नि रिंगा 11.6 किलो. वरच्या 12 च्या दोन सळ्या वेगळ्या ओळीत. कोष्टकात प्रत्येक सळीचं चित्र काढून त्यावर मिमीत आकडे लिहा, बार बेंडर कन्नड बोलणारा असला तरी चित्र बघून वाकवतो. 12 मीटरच्या सळीतनं 4746 चे दोनच निघतात, तिसऱ्यासाठी दुसरी सळी कापावी लागते, उरलेल्या अडीच मीटरमधे जोड मारून तिसरी करूया म्हणाला तर नाही म्हणा, बीमच्या मधे खालच्या सळीला जोड द्यायचा नाही.